एकतर्फी निकाल

आमच्या महाळुंगे पडवळात पत्त्यांचा अर्थ आजवर रमी किंवा मेंढीकोट एवढाच होता. त्या पत्त्यांनी कोणाच्या अंतःकरणाचा पंचनामा करावा ही कल्पना, माझी पुतणी अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा एक जाडजूड जोड घेऊन माहेरपणास आली तोवर, गावाच्या शिवेत शिरली नव्हती. परगावी गेलेल्या माणसाची वाट पाहणे मात्र या गावास अपूर्व नाही. हुतात्मा बाबू गेनू येथलेच. मुंबईच्या गिरणीत मजुरी करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला, तो परत आलाच नाही. जे परतत, त्यांच्या आधी त्यांची मनीऑर्डर येई, आणि तिच्या तळाशी खरडलेल्या दोन ओळींवरून घरची बायको जे ताडी, त्यास त्या काळी कोणी टॅरो म्हणत नसे.

पुतणीचे यजमान जर्मनीत एका कारखान्यात नोकरीस आहेत. कार्तिकातल्या एका संध्याकाळी तिने ओटीवर चार पत्ते मांडले: डावीकडे स्वतःच्या मनाचा, उजवीकडे त्यांच्या मनाचा, दोहोंच्या मध्ये आडवा अडथळ्याचा, आणि वर पुढील दिशेचा. हा जोड १९०९ साली लंडनला निघालेला, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. मी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेली असल्यामुळे वादी, प्रतिवादी, मुद्दा आणि निकाल अशी नोंद मनोमन करून टाकली.

वादीच्या जागी तलवारींची नव्वी आली. अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत झाकलेली बाई, आणि मागे काळ्या भिंतीवर आडव्या नऊ तलवारी. पुतणीने नुसताच सुस्कारा टाकला. प्रतिवादीच्या जागी नाण्यांची अठ्ठी: बाकावर बसून नाण्यावर हातोडा-छिन्नी चालवणारा कारागीर, आणि त्याचे गाव मागे, दूर, इवलेसे. “बघितलंत काका? त्यांना काम सोडून काही सुचत नाही!” येथे मला हरकत नोंदवावी लागली. प्रतिवादी गैरहजर, त्याचा जबाब नाही, पत्ते पिसणारी वादी आणि अर्थ लावणारीही वादीच. तेव्हा या जागी जे दिसते ते त्याचे मन नसून, त्याच्या मनाविषयी हिच्या मनात असलेला संशय होय. तोच कारागीर दुसऱ्या कोणी संसारासाठी खपणारा नवरा म्हणून वाचला असता.

अडथळ्याचा पत्ता उलटा पडला, दंडांची अठ्ठी. सुलटी असता आठ काठ्या आकाशातून सुसाट जातात आणि निरोप वेगाने पोहोचतो. उलटी पडली की निरोप रेंगाळतो. पुतणीने या जागी ताबडतोब एक परकी स्त्री बसवली. अडथळा म्हणजे माणूसच, अशी समजूत हा डाव मांडणाऱ्यांत फार. पण या पत्त्यावर औषधालाही माणूस नाही, नुसत्या काठ्या, नदी आणि मोकळे रान. मी विचारले, “फोन केव्हापासून रेंगाळतो?”

“ऑक्टोबर संपला तेव्हापासून. आधी साडेनऊला यायचा, आता साडेदहा. दहाला माझा डोळा लागतो, पहाटे पाचला धारा काढायच्या असतात.”

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत सर्व घड्याळे एक तास मागे घेतात आणि आपल्याशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचारांवर जाते. जावईबापू नेमाने सहाला सुटत, सुटताच फोन लावीत, आणि त्यांच्या हातातले यंत्र आपण होऊन वेळ बदलीत असल्याने महाळुंग्यात आपण तासभर उशिरा पोहोचतो, ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती.

यावर मुलीने समाधान मानावे की नाही? पण दिशेचा पत्ता उघडण्याआधीच ती सगळे गोळा करून पुन्हा पिसू लागणार होती. फेरसुनावणीस मी सक्त मनाई केली. एकाच संध्याकाळी तोच प्रश्न दुसऱ्यांदा टाकणारा माणूस उत्तर शोधत नसतो, घासाघीस करीत असतो.

चौथा पत्ता निघाला तलवारींचा छक्का. होडीत पाठमोरी बसलेली बाई, शेजारी मूल, सहा तलवारी होडीत उभ्या रोवलेल्या, आणि मागे उभा राहून होडी हाकणारा नावाडी. अलीकडचे पाणी खळबळलेले, पलीकडचे संथ. दिशेचा पत्ता भविष्य वर्तवीत नाही, आहे तसेच चालू राहिले तर ओघ कुठे जाईल एवढेच दाखवतो, असे पुतणी सांगत असतानाच, लसूण सोलत बसलेल्या माझ्या मातोश्रींनी चष्मा सावरून पत्ता हातात घेतला.

“पोर दिसतंय गं!”

“आजी, तो तसा अर्थ नसतो.”

“बरं. मग ही होडी इकडं येतीया का तिकडं चाललीया?”

पुतणीने पत्ता न्याहाळला, उलटासुलटा करून पाहिला. “ते यात कळत नाही.”

“मग नावाड्याला विचार की,” मातोश्री म्हणाल्या आणि पत्ता लसणाच्या सालींत ठेवून पुन्हा कामाला लागल्या.