भरलेली वर नेलीत!

वाशी स्टेशनावर सहाला जमायचं ठरलं की आमचा ट्रेकिंग ग्रुप साडेसहाला जमतो. उरलेला अर्धा तास 'कोण अजून आलं नाही' हे फोनवर विचारण्यात जातो. त्या रविवारी मात्र सगळे वेळेवर हजर होते, कारण ट्रेक हे निमित्त होतं. पनवेल, खारघर, माथेरान या पट्ट्यातल्या डोंगरवाटांच्या तोंडाशी ग्रुपतर्फे 'कचरा टाकू नका' अशा पाट्या लावायच्या होत्या. त्यावर लिहायचं काय, हे कर्नाळ्याला जाऊन-येऊन ठरणार होतं. माणसं रस्त्यावर वडापाव एकत्र खातात, पण दोन ओळींचं घोषवाक्य एकत्र लिहू शकत नाहीत, याचा अनुभव गाडी सुटल्यापासूनच यायला लागला.

ग्रुपमधले काका शीघ्रकवी. सानपाडा येईपर्यंत त्यांनी 'निसर्ग आपली माता, कचरा नका टाकू आता' हे प्रसवलं. जुईनगरला 'स्वच्छ ठेवा डोंगर, तोच आपला लंगर' आलं. डोंगराचा आणि लंगराचा संबंध काय, असं कुणीतरी विचारलं. "यमक," काका म्हणाले. नेरूळपासून बेलापूरपर्यंत 'परिसर-घसर' आणि 'वसुंधरा-कचरा' अशा जोड्या एकामागून एक लागत गेल्या. खारघरला काकांनी उसंत घेतली आणि बँकेतून निवृत्त झालेल्या भाऊंनी कागद काढला. त्यांच्या मते माणसाला लाज वाटली पाहिजे. त्यांची पाटी अशी होती : 'या वाटेवर दर रविवारी शेकडो लोक कचरा टाकतात. तुम्हीही त्यातलेच का?'

डब्यात वाहवा झाली. पण आमची लीडर, जी पेशाने मानसशास्त्राची प्राध्यापक आहे, म्हणाली, "भाऊ, ही पाटी लावली तर कचरा वाढेल." तिनं मग अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ॲरिझोनात दगड झालेल्या प्राचीन झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. येणारे-जाणारे त्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. 'बऱ्याच लोकांनी इथून लाकूड नेलं आहे, त्यामुळे उद्यान बदलतंय' अशी पाटी होती तेव्हा जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' एवढंच लिहिलं तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी गेले. लाजेच्या पाटीतून माणसानं नेमका एकच निरोप घेतला : सगळेच नेतात, मग मीच काय घोडं मारलंय?

भाऊंनी कागद खिशात ठेवला. कागद खिशात ठेवण्याची ही त्या दिवसातली पहिली घटना म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एसटीनं कर्नाळ्याला उतरलो. हे पक्षी अभयारण्य १९६८ सालचं. फाटकावर घोषवाक्यांपेक्षा दणकट व्यवस्था आहे : सॅकमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुड्या मोजायच्या, अनामत भरायची, आणि परत येताना तितकंच प्लास्टिक दाखवून पैसे परत घ्यायचे. पैसे अडकले की माणूस किती दक्ष होतो ते वाटेवर दिसतं. उतरताना कॉलेजातला एक मुलगा करवंदीच्या जाळीत वाकून बाटली शोधत होता. स्वतःची कुठे विसरला होता कोण जाणे, दुसऱ्याच कुणाची तरी काढून त्यानं हिशेब जुळवला. जंगलाचं काही बिघडलं नाही. जाळीला काय, एक बाटली कमी झाली.

मग पाट्या हव्यातच कशाला, असा सवाल काकांनी केला. उत्तर वाटेवर पडलेलं होतं, अक्षरशः. अंगठ्यासारखा सुळका समोर दिसायला लागतो तिथं आम्ही टेकलो तेव्हा पायाशी चमचमणारे तुकडे दिसले. वेफर्सच्या, बिस्किटांच्या, इलेक्ट्रॉलच्या पुड्यांची फाडलेली टोकं. नखाएवढी, चंदेरी. पुडी लोकांनी जपून खाली नेली होती, पण दातांनी तोडलेलं टोक तिथंच थुंकलं होतं. टोक कोण मोजणार? वेफर्सची पुडी म्हणजे प्लास्टिक आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, एकमेकांना चिकटलेले. बाटलीला भंगारवाला पैसे देतो, याला हात लावत नाही. वारा ते गवतात नेतो आणि पुढं ते तिथंच राहतं. टाकणाऱ्याला ते कचरा वाटतच नाही, हीच मेख.

"म्हणजे," लीडर म्हणाली, "पाटीनं कचऱ्याबद्दल बोलायचंच नाही. टोकाबद्दल बोलायचं." पहिलं वाक्य तिथंच झालं :

'टोक पुडीत, पुडी खिशात.'

काकांना यात यमक दिसेना, पण ठेका आहे म्हणून त्यांनी मान्यता दिली. भाऊंनी 'पुडी सबंध तोडूच नका, अर्धी चिरा म्हणजे टोक सुटणारच नाही' अशी सूचना केली. ती सूचना म्हणून उत्तम होती, पाटी म्हणून परीक्षेतला प्रश्न वाटत होती.

बाटलीसाठी वेगळं वाक्य लागणार होतं, कारण सगळ्याच वाटांवर मोजणारा माणूस नसतो. काकांची मदार 'कचरापेटीचा वापर करा'वर होती. तेवढ्यात एका माकडानं शेजारच्या ग्रुपची पिशवी उलटी केली, आणि पेटी ठेवली तर तिचं काय होईल याचं प्रात्यक्षिक फुकटात मिळालं. शिवाय वरची पेटी रोज रिकामी कोण करणार? तेव्हा 'पेटी इथं नाही, पनवेलला आहे' हेच खरं.

बाटलीचं वाक्य शेवटी सुचलं ते गिर्यारोहकाच्या अहंकारावरून. १९८६ मध्ये टेक्सासनं महामार्गावरचा कचरा थांबवायला मोहीम काढली, तेव्हा त्यांनी धरणीमातेला हात लावला नाही. गाडीतून डबे भिरकावणारे तरणेबांड गडी हेरून, टेक्सासचा अभिमान डिवचणारी दमदाटीची भाषा वापरली, आणि तीच गाजली. आमचे गडी कोणते? इन्स्टाग्रामवर सुळक्यासमोर दंड दाखवणारे. भरलेली लिटरची बाटली किलोभर वजनाची, रिकामी पंचवीसएक ग्रॅमची. त्यावरून :

'भरलेली वर नेलीत. रिकामी जड झाली?'

वाचून कॉलेजचा तो मुलगा हसला आणि हातातली बाटली त्यानं उगाचच सॅकमध्ये ढकलली. एवढ्या एका पुराव्यावर ठराव मंजूर झाला.

वाशीला परतल्यावर पेंटर गाठला. फ्लेक्स नको, तेही प्लास्टिकच आणि पावसाळ्यानंतर त्याच्याच चिंध्या डोंगरभर. पत्र्यावर रंगवायचं. झाडाला खिळा ठोकायचा नाही, कातळावर रंग फासायचा नाही, खांब पुरायचा, आणि त्याआधी वनखात्याची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी. पेंटरनं हिशेब सांगितला : दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर निदान इंचभर उंच हवं, चालता चालता वाचायचं तर त्याच्या दुप्पट. वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागा मोकळी सोडायची. दीड फुटाच्या पत्र्यावर दोन ओळी छान बसत होत्या.

"खाली नाव कुणाचं?" पेंटरनं विचारलं.

इथं मात्र सगळे कवी झाले. ग्रुपचं नाव, बोधचिन्ह, स्थापनेचं साल, पत्रा देणाऱ्या काकांचं 'सौजन्य', रंगाचे पैसे देणाऱ्या भाऊंचे 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ', शिवाय संपर्कासाठी मोबाइल. पेंटरनं मोजपट्टी पत्र्यावर आडवी धरली आणि म्हणाला, "हे सगळं बसेल साहेब. फक्त ते बाटलीचं काढावं लागेल."