पोच मागणारे नाना

निवृत्तिवेतन सुरू होऊन कैक वर्षे लोटली तरी ज्याची लेखणी अद्याप सेवेतच आहे, असा एक तरी गृहस्थ प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत सापडतो. आमच्या इमारतीत हे पद नाना भूषवितात. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविल्यामुळे दूधवाल्यास उद्या अर्धा लिटर कमी टाक, एवढे सांगावयाचे झाले तरी ते आधी विषय लिहितात, मग संदर्भ लिहितात आणि सरतेशेवटी पोच मागतात.

सूनबाईंच्या कचेरीची वेळ बदलली आणि नातवाला शाळेत सोडणे त्यांना स्कूटरवरून जमू लागले, तेव्हा व्हॅन बंद करण्याचे ठरले. चिरंजीवांनी ‘काका, पुढच्या महिन्यापासून व्हॅन नको’ एवढे टंकून मोबाईल खिशात घातलाही असता. परंतु नानांनी तो वेळीच जप्त केला. त्यांच्या मते ज्या निरोपात अखेरचा दिवस नाही आणि आगाऊ रकमेचे काय करावयाचे याचा उल्लेख नाही, तो निरोप नव्हे, भांडणाचे बीज होय. अखेर १ नोव्हेंबर रोजी प्रातःकाळी पुढील मजकूर रवाना झाला:

‘विषय : मासिक ने-आण बंद करणेबाबत. इयत्ता तिसरी, थांबा दत्तमंदिर चौक, येथील माझ्या नातवाची ने-आण १ डिसेंबरपासून बंद समजावी. जूनमध्ये आपणांकडे आगाऊ जमा केलेले रु. १,८०० नोव्हेंबरच्या भाड्यापोटी वळते करून घ्यावेत. ऑक्टोबरपासून भाडे रु. २,००० झाल्याने आमचेकडून रु. २०० देणे निघते. तथापि सप्टेंबरात व्हॅन तीन दिवस नादुरुस्त होती. त्या दिवसांचा रिक्षाखर्च, दररोज रु. ८० प्रमाणे, रु. २४० होतो. सबब रु. ४० आपणांकडून येणे आहेत. पोच द्यावी.’

दिवाळीच्या सुट्टीची वजावट मागण्याचा मोह मात्र नानांनी आवरला होता. व्हॅनचा हप्ता आणि विमा सुट्टीत थांबत नाहीत, त्यामुळे भाडे महिन्याचे असते, दिवसांचे नव्हे, हा रिवाज त्यांना मान्य होता.

व्हॅनकाकांचे उत्तर आले ते ध्वनिरूपाने. त्यात शाळेच्या फाटकावरील हॉर्न होते, कुणाचे तरी ‘काका, हा मला ढकलतोय’ होते, आणि या कोलाहलाच्या तळाशी ‘नाना, संध्याकाळी येतो, वहीत बघू’ हे मूळ उत्तर होते. ध्वनी हा पुरावा नव्हे, असे सांगून नानांनी ते नामंजूर केले. परंतु काका खरोखरच सायंकाळी आले, आणि वही घेऊन आले.

ती वही म्हणजे चालकाच्या डोक्यावरील झडपेत खोचून ठेवलेली, कडा मळलेली एक बारकी डायरी होती. पोरांची नावे तीत थांब्यांच्या क्रमाने होती. मात्र नानांच्या नातवाच्या खाती ‘बी विंग, डबा विसरतो’ एवढीच नोंद होती. सप्टेंबरच्या पानावर बोट ठेवून काका नम्रपणे म्हणाले, ‘नाना, तीन दिवस गाडी बंद होती खरी, पण तिसऱ्या दिवशी मेव्हण्याची रिक्षा मीच पाठवली होती. तिचे पैसे मी दिले.’ सूनबाईंनी स्वयंपाकघरातून दुजोरा दिला. म्हणजे वजावट दोन दिवसांची, रु. १६०; आणि देणे रु. २००. जे चाळीस रुपये येणे होते ते एका क्षणात देणे झाले.

नाना हिशेबाचे कडक असले तरी लबाड नाहीत. त्यांनी चाळीस रुपये तेथल्या तेथे मोजून दिले आणि ‘बाकी निरंक’ अशी लेखी पोच मागितली. काकांनी जिना उतरता उतरता मोबाईलवर अंगठ्याचे चित्र धाडले. आम्हांस वाटले, आता स्फोट होणार. पण नानांची मुद्रा एकाएकी प्रसन्न झाली. महसूल खात्यात ज्यांनी उभी हयात निशाणी अंगठे पाहिले, त्यांस हा अंगठा परका नव्हता. ‘अंगठा चालतो,’ ते म्हणाले, ‘फक्त साक्षीदार लागतो,’ आणि त्या संदेशाची छापील प्रत काढवून तिच्यावर त्यांनी माझी सही घेतली.

नानांची थट्टा करणे सोपे आहे; पण व्हॅनवाल्याचा सारा जमाखर्च जूनमध्ये भरलेल्या जागांवर चालतो, आणि वर्षाच्या मध्यात रिकामी झालेली जागा सहजी भरत नाही. म्हणून तो महिनाभर आधी सूचना मागतो, आणि त्याच भयापोटी एक महिन्याचे भाडे आगाऊ ठेवून घेतो. तेव्हा ज्यांना व्हॅन बंद करावयाची असेल त्यांनी महिना लागताच कळवावे, अखेरचा दिवस लिहावा, आगाऊ रक्कम कोणत्या महिन्यात वळती करावयाची ते सांगावे, आणि वजावट मागण्यापूर्वी घरात एकदा विचारून घ्यावे.