ठीक आहे, बघतो

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना सभासद ईमेल लिहितो, तेव्हा गळतीची तक्रार आजोबांच्या दम्यापासून सुरू होते, पार्किंगला वळसा घालते आणि भाडेकरूच्या शुल्कात विरते. परिच्छेद एकच, तोही न संपणारा. सचिवांचं उत्तर येतं : ‘ठीक आहे, बघतो.’ काय बघणार, ते देव जाणे.

उपाय सोपा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. पहिल्याच ओळीत सांगावं : प्रश्न चार, पहिल्याचं उत्तर शुक्रवारपर्यंत हवं. मग क्रमांक.

१) गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी होणार का?
२) त्याचा खर्च कोण करणार?
३) दुसऱ्या गाडीला जागा मिळेल का?
४) बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त का?

पहिले दोन मुद्दाम वेगळे ठेवलेत. ‘आणि’ने जोडले की सोयीच्या अर्ध्याचंच उत्तर मिळतं. प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ मोकळी सोडावी, म्हणजे उत्तर तिथेच लिहिता येतं. आजोबांचा दमा शेवटी, ‘पार्श्वभूमी’ या मथळ्याखाली.

एवढं करून सचिव प्रामाणिक होतील, असं नाही. पण त्यांनी नेमका कोणता प्रश्न टाळला, हे आता क्रमांकानिशी सांगता येईल.