नंबर सातवा, पण कुठल्या रांगेत?

साताऱ्यात गाणं शिकवणाऱ्या एका ताईंनी परवा फोन केला. मिरजेतल्या एका कारखान्यात त्यांनी तंबोऱ्यासाठी नाव नोंदवलं होतं. उत्तरादाखल एक ओळ आली होती : "माल संपला आहे, तुमचा नंबर सातवा." ताईंचा प्रश्न सरळ होता. "सातवा म्हणजे कधी हो? दिवाळीला की पुढच्या दिवाळीला?"

मी सांगलीचा, आणि सतारमेकर गल्लीत माझं येणंजाणं आहे, म्हणून फोन मला. दुसऱ्या दिवशी गेलो. ज्या चाचांनी ती ओळ धाडली होती ते मांडीशी भोपळा घेऊन बसले होते. म्हणाले, "साहेब, निम्मं भोपळं यायचं बाकी हाय. तारीख कुठली सांगू? खोटी सांगू का?"

खोटी सांगायची नाही, हे चाचांचं अगदी बरोबर. चुकलं एवढंच की खरं जे होतं तेही त्यांनी सांगितलं नाही. आणि खरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे पोतंभर होतं.

तंबोऱ्याचा माल संपतो तो दुकानातल्या फळीवर संपत नाही, शेतात संपतो. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. भाजीचा भोपळा वेगळा, हा कडू. वेलावरच पिकून वाळू द्यावा लागतो. ऐन वाळणीत अवकाळी पाऊस झाला, ओल लागली की तो आतून कुजतो. वरून धडधाकट दिसतो. चाचा बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकतात. चांगला वाळलेला जाड सालीचा भोपळा टणक आणि स्वच्छ वाजतो, ओल धरलेला बद्द. माझ्यासमोर त्यांनी सहा वाजवले आणि दोन बाजूला सारले. त्यातला एक तर मला सगळ्यात देखणा वाटला होता.

पुढे तो कापायचा, पाण्यात मुरवायचा, आतला गाभा खरवडायचा, तोंड काड्यांच्या आधारानं ताणून पुन्हा वाळवायचा. इथेही एखादा तडकतो. मग गुलू, दांडी, तबली, खुंट्या, पॉलिश, आणि शेवटी घोडीवर जवारी. पावसाळ्यात हवेत दमटपणा असला की चपडीचं पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून ते काम रेटून उपयोग नाही.

आता ताईंच्या सातव्या नंबरकडे येऊ. मुळात रांग एक नाहीच. मर्दानी तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, जनानीला मध्यम. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक-दोनच्या आसपास, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास, आणि त्या स्वराला साजेसा पोकळीचा आकार हवा. मोठ्या भोपळ्यावर वरच्या स्वराच्या तारा चढवल्या म्हणून तो जनानी होत नाही. तेव्हा चाचांच्या वहीतला सातवा नंबर ताईंच्या कामाचाच नव्हता.

आम्ही वही घेऊन बसलो आणि एक हिशेब मांडला. आकडे नमुन्याचे आहेत, पण रीत कुठल्याही कारखान्याला लागू पडेल. समजा, चाळीस भोपळे घेतले. वाजवून, मापून त्यातले १२ मर्दानीला बसले, १७ जनानीला. उरलेले ११ लहान किंवा बाद. कापताना आणि वाळवताना मर्दानीतला एक गेला, जनानीतले दोन. हातात राहिले ११ आणि १५, म्हणजे एकूण २६. वहीत नावं २८. वरवर बघणारा म्हणेल, दोघांनाच थांबावं लागेल. पण नावं फोडून बघितली तर मर्दानीची ६ आणि जनानीची २२. मर्दानीचे पाच भोपळे शिल्लक राहणार, आणि जनानीतल्या सोळाव्यापासून बाविसाव्यापर्यंत सात जणांना पुढच्या पिकाची वाट बघावी लागणार. एकाच रांगेत ही गोष्ट दिसतच नाही. बिचारी सोळावी बाई महिने मोजत बसते.

आता वेळेचं. महिन्याला तीन तंबोरे पुरे होतात असं धरलं, तर मर्दानीचे ६ आणि जनानीचे १५ मिळून २१ तंबोऱ्यांना सात महिने. एप्रिलात सुरुवात केली तर ऑक्टोबर संपेल. पावसाळ्यात पॉलिश अडतं, त्याचे दोन महिने वाढवा. शेवटचा तंबोरा डिसेंबरअखेर, म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं संक्रांत. दिवाळी म्हटलं की गिऱ्हाईक हरखतं हे मला ठाऊक आहे. पण दिवाळी हुकली की फोन सुरू होतात, आणि फोन उचलायला जवारी घासणारा हात थांबवावा लागतो.

चाचांच्या पुतण्याला हे सगळं लांबण वाटलं. त्याचं म्हणणं, मोबाइलवर टाकायचं, "फक्त २ नग शिल्लक, आजच बुक करा", लोक तुटून पडतील. मला मनापासून राग आला, आणि तो मी लपवला नाही. मीही असल्या ओळीला भुलून एकदा एक वस्तू रातोरात मागवली होती. महिन्याभरानं तिथं तेच दोन नग तसेच शिल्लक होते. त्या दुकानाकडे मी पुन्हा फिरकलो नाही. दुसरं म्हणजे हा प्रकार आता नियमाबाहेरचाही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ युक्त्या नावानिशी दिल्या आहेत, आणि खोटी घाई आणि खोटी टंचाई दाखवणं ही त्यातली पहिली. ती विक्रेत्यालाही लागू आहेत, नुसत्या मोठ्या कंपन्यांना नाहीत.

आणि तंबोरा घेणारा माणूस घाईनं घेणारा नसतोच. तो वाद्य आयुष्यभरासाठी घेतो. त्याला धास्ती घातली तर तो सावध होतो, कारण सांगितलं तर थांबतो. मिरजेला २०२४ मध्ये सतार आणि तंबोरा या दोन्हींसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. गावाच्या नावावर माल मागायला लोक येणार, तेव्हा गावाच्या नावाला साजेसं बोलणंही आलं.

मग आम्ही मजकुराचा नमुना लिहिला, आकडे त्याच हिशेबातले. चाचा बोलत गेले, मी उतरवत गेलो, पुतण्यानं मोबाइलवर टाइप केला :

"नमस्कार. या पिकाच्या भोपळ्यांवरचे आमचे सर्व जनानी तंबोरे नोंदले गेले आहेत. मर्दानीचे पाच अजून होऊ शकतात. जनानीच्या यादीत तुमचा क्रमांक ७ आहे. आमच्याकडे जनानीचे १५ भोपळे तयार आहेत, म्हणून या वर्षी तुमचा तंबोरा होईल असा अंदाज आहे. वेळ : सप्टेंबर ते नोव्हेंबर. पावसाळा लांबला तर उशीर होईल, तसं आधी कळवू. आत्ता पैसे पाठवू नका. तुमचा भोपळा ठरला की फोन करू, तेव्हाच बयाणा घेऊ. तोवर तुम्ही कुठल्या स्वरात गाता ते कळवा. नाव काढायचं असेल तर मोकळेपणानं सांगा, मागं दुसरं कुणी थांबलं आहे."

सोळाव्या क्रमांकापासून पुढच्यांना मजकूर वेगळा. तिथं "या वर्षी तुमचा तंबोरा होणार नाही" हे पहिलंच वाक्य. पुतण्या चरकला. "गिऱ्हाईक जाईल की!" जाईल एखादं. त्याच मजकुरात गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यात विचारा, असंही चाचांनी घालायला लावलं. तो त्यांचा मोठेपणा आहे, आणि शहाणपणही. नाराज होऊन यादीत बसलेलं माणूस ऐन वेळी, भोपळा कापून झाल्यावर, नाही म्हणतं. ते जास्त महागात पडतं.

बयाण्याचा मुद्दा मी धरून ठेवला, कारण घोळ होतो तो इथेच. नाव नोंदवतानाच पैसे घेतले की ती यादी राहत नाही, कर्ज होतं. पीक बिघडलं की परत करायला पैसे उरलेले नसतात. भोपळा ठरल्यावर घेतलेल्या बयाण्याला समोर वस्तू असते. वही बघून तीन फोन केले तेव्हा कळलं की पाचव्या क्रमांकावरच्या बाईंनी केव्हाच दुसरीकडून तंबोरा घेतला होता. अशी नावं असतातच. म्हणून भोपळा कापण्याआधी एक फोन सगळ्यांना जायलाच हवा.

मधल्या महिन्यांत काय धाडायचं, यावर आमचं बरंच बोलणं झालं. माझं मत, काही घडलं तरच धाडायचं. भोपळे आले, तुमच्या भोपळ्याचा हा फोटो. गुलू बसला. तबली चढली. पॉलिश पावसामुळे थांबलं आहे. वर्षात चार-पाच निरोप पुरेत, आणि त्यात सणाच्या शुभेच्छा नकोत. आपला भोपळा ओळखणारं माणूस सहा महिने आनंदानं थांबतं. साताऱ्याच्या ताई तर म्हणाल्या, "फोटो नको, मी येते आणि वाजवून बघते." येऊ द्यावं. यादीतल्या कुणालाही येऊन आपल्या भोपळ्यावर टकटक करता यावी.

एक ओळ चाचांनी अगदी शेवटी सुचवली आणि मला ती सगळ्यात आवडली. "जुना तंबोरा असेल तर आधी घेऊन या, जवारी काढून देतो." पुष्कळदा तंबोरा बिघडलेला नसतो. तारांनी घोडीवर खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे आवाज बसका येतो, आणि सूत कुठंही सरकवलं तरी जवारी बोलत नाही. घोडीचा माथा पुन्हा घासला की तोच तंबोरा परत गुंजायला लागतो. तसं झालं तर नव्याची गरजच उरत नाही, यादीतलं एक नाव कमी होतं. चाचांना ते चालणार होतं.

ताई रविवारी आल्या. वीस वर्षांपूर्वीचा, कापडात गुंडाळलेला तंबोरा घेऊन. चाचांनी घोडीवर बोट फिरवलं, खाच नखानं दाखवली, आणि कानस उचलली. तासाभरानं ताईंनी षड्ज छेडला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग वहीतल्या आपल्या नावाकडे बघून म्हणाल्या, "हा माझ्यासाठी पुरे. पण नाव राहू द्या चाचा, नवा माझ्या विद्यार्थिनीला घेईन. ती काळी पाचला गाते." चाचांनी सातव्या क्रमांकापुढे पेन्सिलीनं "का. ५" लिहिलं आणि भोपळा मापायला टेप घेतली.