मिणमिणत्या दिव्यांनी जॉर्ज टाउनला

पुलिकतचं सरोवर पाहून आम्ही चेन्नईला परतत होतो. मुक्काम जॉर्ज टाउनमधल्या तंबू चेट्टी स्ट्रीटजवळच्या लॉजवर होता. त्याच रस्त्यावर काळिकांबाळचं देऊळ आहे आणि 1677 साली शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, अशी तिथली परंपरा सांगते. आम्ही दर्शन सकाळसाठी ठेवलं होतं. महाराज घोड्यावरून आले असणार, त्यामुळे पुढे जे घडलं त्याची त्यांना धास्ती नव्हती.

तिरुवोट्टियूरच्या अलीकडे प्रथम स्टिरिओतला गायक खोल विहिरीतून गाऊ लागला. मग डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र उजळलं आणि हेडलाइटचा पांढरा प्रकाश हळदीवर गेला. मेव्हणा म्हणाला, "थांबतो आणि गाडी बंद करून पुन्हा चालू करतो. मोबाइलला चालतं ना हे!"

"खबरदार!" मागच्या सीटवरून बापूकाका ओरडले. काका म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. लग्नातसुद्धा मांडवाच्या वायरिंगकडे आधी बघतात, नवरीकडे नंतर. "इंजिन बंद केलंस, तर सेल्फ मारायला जोर राहणार नाही. डायनॅमोनं चार्जिंग सोडलंय. आता आपण बॅटरीच्या शिलकीवर आहोत."

तरीही त्यांनी गाडी एका उजेडातल्या टपरीपुढे उभी करवली, इंजिन चालू ठेवूनच. बॉनेट उघडून हात लांब ठेवून टॉर्चने पाहिलं. पट्टा शाबूत होता आणि फिरतही होता. तो तुटला असता तर प्रवास तिथेच संपला असता, कारण या गाडीत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि मग इंजिन तापून बसतं.

मग काकांनी हिशेब मांडला. बॅटरी 35 अँपियर-तासांची, जुनी, म्हणून निम्मीच खरी धरायची. दोन्ही डिपर मिळून 9 अँपियर, पेट्रोलचा पंप, स्पार्क आणि बाकीचं धरून आणखी दहाएक. म्हणजे फार तर पंचावन्न मिनिटं, आणि शेवटची दहा मिनिटं भरवशाची नाहीत. एसी, पंखा, स्टिरिओ, चार्जर सगळं बंद झालं. काचा टपरीपाशीच उघडून घेतल्या, कारण काच वरखाली करणारी मोटरही करंट खाते. मेव्हणीला हवा लागेना, म्हणून काकांनी तिला वहीचा पुठ्ठा दिला. "हॉर्नही जपून. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, मागचे दोन दिवे 42 वॉट खातात. आधी वेग कमी कर, मग ब्रेक." हेडलाइट मात्र बंद करू दिले नाहीत. मागे बंदराकडे निघालेले कंटेनर ट्रेलर होते आणि अंधारातली गाडी त्यांना दिसत नाही.

टपरीवरच्या रिक्षावाल्याला काकांनी खुणांनी मागे यायला सांगितलं. त्याचा दिवा आमच्या पाठीमागचा दिवा झाला. भाडं त्याने दोन बोटं दाखवून ठरवलं. ती दोनशेची की दुप्पट भाड्याची, यावर आमच्यात रायपुरमपर्यंत वाद चालला.

रायपुरम मागे पडताना स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडला. गाडी तर पळत होती! एअरबॅग आणि एबीएसचे दिवे पेटले. काका म्हणाले, "काट्यांवर विश्वास नको, तापमानाच्या तर मुळीच नको. आता इंजिन अडखळेल. थांबायची जागा ठरवा."

मेव्हण्याला लॉजच्या गल्लीत वळायचं होतं. काकांनी साफ नाही सांगितलं. जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत रात्री माल उतरवायला टेम्पो उभे असतात, हातगाड्या आडव्या येतात. तिथे इंजिन मेलं तर स्टेअरिंग दगडासारखं जड होणार आणि ब्रेकची मदतही एकदोन दाबांत संपणार. त्यापेक्षा राजाजी सालै रुंद, दिवे असलेला आणि बीच स्टेशनजवळ कडेला जागा असलेला. उजवीकडे वळून वाहतूक कापावी लागत नाही, डावीकडेच सरकायचं.

दिव्यांवरून आठवलं म्हणून, हायकोर्टाच्या घुमटावर 1894 पासून दीपगृह होतं, असं मी सांगितलं. ते 1977 साली बंद झालं हे ऐकून मेव्हण्याने सुस्कारा सोडला.

स्टेशनजवळ इंजिनाने दोन गचके दिले. "डावीकडे घे! न्यूट्रल! ब्रेक एकदाच, सलग! किल्ली काढू नको, स्टेअरिंग लॉक होईल!" गाडी लोळत कडेला लागली आणि इंजिन मेलं. परावर्तक त्रिकोण मागे चांगला लांब ठेवला, सगळे फुटपाथवर गेलो. रिक्षावाल्याने दोन बोटांचा अर्थ दोनशेच सांगितला.

सकाळी मेकॅनिक आला. त्याला मराठी येत नव्हतं, काकांना तमिळ. त्याने डायनॅमो उघडून झिजलेले कार्बन ब्रश तळहातावर ठेवले. नवे बसवले, उसन्या बॅटरीने जम्प देऊन इंजिन चालू केलं आणि मीटर लावला, 14.1 व्होल्ट. काकांनी एसी आणि हेडलाइट लावायची खूण केली. आकडा 13.8 वर टिकला. दोघांनी हात मिळवले आणि मेव्हण्याकडे बिलासाठी एकाच वेळी पाहिलं.