जेष्ठ दोनदा आलाय

सासूबाईंचा व्हॉइस मेसेज नऊ मिनिटांचा असतो. मेलबर्नची नातवंडं तो दुप्पट वेगाने ऐकतात आणि शेवटी त्यांच्या हाती फक्त खोकला लागतो. म्हणून तुडीलमधून निघालेलं भाषण महाडात आधी माझ्याकडे येतं. ते लिहून पुढे पाठवणं माझ्याकडे.

माझी रीत साधी आहे. पहिल्यांदा पेन न घेता नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा फक्त आज्ञा शोधायच्या: या, आणा, विचारा, विसरू नका. बाकीच्या बातम्या. आईंच्या आज्ञा "बरं, ते राहू दे"नंतर हमखास सापडतात, कारण मुद्दा राहू दिल्याशिवाय त्यांना मुद्द्यावर येताच येत नाही.

यावेळी गुडघ्यावरून गाडी २०२१च्या पुरावर गेली, पुरावरून महाडच्या बाजारपेठेतल्या कुणा दुकानदारावर, त्याच्यावरून त्याच्या मुलाच्या लग्नावर. मध्येच कोंबडा आरवला, त्यालाही झापून झालं. मग "बरं, ते राहू दे. यंदा जेष्ठ दोनदा आलाय. मागल्यासारखे येऊ नका. आणि ते आणा."

एवढ्यात अख्खा निरोप होता. २०२५ला गणपती २७ ऑगस्टला होते. २०२६ला अधिक ज्येष्ठामुळे ते १४ सप्टेंबरवर गेले. पोरांनी गेल्या वर्षीच्या अंदाजाने रजा टाकली असती, तर आजी, पाऊस आणि रिकामा पाट एवढंच भेटलं असतं. तिथी तारखेत उतरवल्याशिवाय परदेशी पाठवू नये, आणि तीही कॅलेंडर उघडून.

राहिलं "ते". असल्या जागी अंदाज करत नाही, फोन करते. मला वाटलं होतं गुडघ्याचं मलम. निघाले कानातल्या यंत्राचे सेल. "नंबर?" "तपकिरी." यंत्राच्या सेलची तपकिरी पट्टी म्हणजे ३१२ नंबर.

मग लिहिलं:

"बाळांनो, यंदा गणपती सोमवारी, १४ सप्टेंबरला. शनिवारी १२ला मुंबईहून निघा, वीर स्टेशनवर उतरा. गाडी वीरला थांबते ना, ते बघून घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १४ जुलैला सकाळी ८ वाजता. तुमच्याकडे दुपारचे साडेबारा. येताना कानाच्या यंत्राचे ३१२ नंबरचे सेल आणा. गुडघा ठीक आहे. आजी."

पाठवण्याआधी आईंना वाचून दाखवते. आपण न बोललेलं काही आत शिरलंय का, हे त्यांनाच कळतं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "तलाठ्याने लिहिलंय का हे?"

शिवाय गुडघा ठीक असल्याचं त्या कुठेच बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या होत्या, "गुडघा काय, असतोच." मी तसंच लिहिलं. कोंबड्याला दिलेली शिवीही घालायला लावली, शब्दशः. पोरांचं उत्तर आलं ते आधी त्या शिवीबद्दल. आरक्षणाबद्दल अजून यायचंय.