मटेरियलवाला

छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांमध्ये एक जात सर्रास आढळते. तिला अभ्यासिकेत ‘मटेरियलवाला’ म्हणतात. तो गेवराई, अंबड, कन्नड, जिंतूर अशा कुठल्याही गावचा असतो आणि शहरात राज्यसेवेसाठी आलेला असतो. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, हे दुकानातल्या पोऱ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. अभ्यासाबद्दल विचारले तर तो म्हणतो, “मटेरियल पूर्ण झालं की सुरुवात करतो.” हे वाक्य गणपतीपासून पाडव्यापर्यंत त्याच स्वरात ऐकू येते.

त्याच्या खोलीत राज्यव्यवस्थेसाठी लक्ष्मीकांत असतो. शेजारी कोळंबे असतात, कारण मागच्या निकालातल्या एका टॉपरने मुलाखतीत त्यांचे नाव घेतले होते. त्याखाली एका क्लासच्या नोट्सची स्पायरल झेरॉक्स असते. इतिहासाला ग्रोवर-बेल्हेकर आहेतच, शिवाय आणखी दोन. भूगोलाला सवदी, मराठीला वाळंबे, आणि प्रत्येकाला एकेक जोडीदार. मोबाइलमध्ये पीडीएफ इतक्या की नवी उतरवायला जुनी पुसावी लागते. ती पुसण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावी, असे मात्र मनात येत नाही. एवढे असूनही खरे मटेरियल पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळते, हा त्याचा ठाम समज असतो. तिथल्या विद्यार्थ्याला ते दिल्लीत मिळते असे वाटते, पण ही बातमी मराठवाड्यापर्यंत पोहोचलेली नाही.

त्याच्या पुस्तकांच्या कडा पाहिल्या की निदान होते. वाचलेल्या पानांची कड मळते आणि न वाचलेली पांढरी राहते. मटेरियलवाल्याच्या प्रत्येक इतिहासात 1857 पर्यंत काळी पट्टी असते. पुढे गांधीयुग कोरे करकरीत. राज्यव्यवस्थेच्या तिन्ही पुस्तकांत मूलभूत हक्कांपर्यंत मळकटपणा येतो आणि तिथेच थांबतो, कारण तिथवर आले की कोणीतरी चौथ्या पुस्तकाचे नाव सांगते. म्हणजे माणसाने राज्यघटना तीनदा सुरू केलेली असते आणि संसदेत एकदाही पाऊल टाकलेले नसते.

या सवयीची किंमत साध्या हिशेबाने काढता येते. समजा राज्यव्यवस्थेचे पुस्तक 500 पानांचे आहे आणि नीट समजून रोज 20 पाने होतात. पहिल्या वाचनाला 25 दिवस लागतात. त्याच पुस्तकाचे दुसरे वाचन साधारण 12 दिवसांत होते, कारण निम्मी पाने ओळखीची झालेली असतात. तिसऱ्याला आठवडा आणि चौथ्याला चार दिवस पुरतात. चार वाचनांचे मिळून 48 दिवस झाले. तीन वेगवेगळी पुस्तके एकेकदा वाचायला 75 लागतात, आणि त्यातले एकही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चाळून होण्याइतके सरावाचे राहत नाही. उरलेले 27 दिवस जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला मिळाले असते.

एकेकदा वाचल्याने परीक्षेत काय होते, ते राज्यपालांच्या प्रकरणावरून कळते. कलम 153, नेमणुकीचे 155, पात्रतेचे 157, वटहुकमाचे 213 ही कलमे सगळ्याच पुस्तकांत एकच असतात, कारण घटना एकच आहे. फरक मांडणीचा. एकात तक्ता असतो, दुसऱ्यात परिच्छेद, तिसऱ्यात अंगठ्याएवढ्या चौकटी. मटेरियलवाल्याला तक्ता आठवतो, आतला आकडा आठवत नाही. प्रश्नात राज्यपालांचे किमान वय 30 की 35 असे आले की तो घुटमळतो, कारण 25, 30 आणि 35 हे तिन्ही आकडे त्याने तीन ठिकाणी तीन पदांसाठी वाचलेले असतात. उत्तर 35. तो 30 वर गोल करतो, जे राज्यसभेच्या सदस्याचे वय आहे. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रश्नाला दोन गुण असतात आणि चुकलेल्या उत्तराला त्यांचा चौथा हिस्सा कापला जातो. आलेले दोन गुण गेलेच, वर अर्धाही गेला. चारदा एकच पान उघडणाऱ्याला ते 35 पानावर डाव्या बाजूला वरून तिसऱ्या ओळीत दिसते. स्मरणशक्तीचा हा जरा गावंढळ प्रकार आहे, पण परीक्षेच्या खोलीत तोच चालतो.

जमवाजमव कधी थांबवायची, हे ठरवण्याची कसोटी आयोग स्वतःच फुकट देतो. मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. हातातल्या पुस्तकातले एक प्रकरण वाचायचे आणि त्यावरचे गेल्या पाचेक वर्षांतले प्रश्न पुस्तक उघडे ठेवून सोडवायचे. दहापैकी सात-आठ उत्तरे त्या पानांत सापडली तर पुस्तक पुरेसे आहे, त्या विषयाची खरेदी तिथे संपली. न सापडलेली दोन-तीन उत्तरे चिठ्ठीवर लिहून त्याच पानावर चिकटवायची. अशा चिठ्ठ्यांनी फुगलेला सवदी हा नव्याकोऱ्या तीन भूगोलांपेक्षा मोलाचा असतो. दहापैकी चारच सापडली, तेही दोन-तीन प्रकरणांत, तर पुस्तक बदलायचे. पण हा निर्णय प्रकरण वाचून घ्यायचा असतो, मुखपृष्ठ पाहून नव्हे. मटेरियलवाला इथेच अडतो, कारण कसोटी लावायला एक प्रकरण पूर्ण वाचावे लागते.

नव्या आवृत्तीचे प्रकरण वेगळे. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे बदलली, तेव्हा बऱ्याच मटेरियलवाल्यांनी महाराष्ट्राचा भूगोल नव्याने घेतला. बालाघाटचे डोंगर होते तिथेच होते, गोदावरीही नाशिकहूनच येत होती. पेन्सिलीने दोन नावे दुरुस्त केली असती तरी भागले असते. इतिहासाला तर जुनी आवृत्ती खुशाल चालते. राज्यव्यवस्थेत घटनादुरुस्त्या होतात, पण महिला आरक्षणाची 106 वी दुरुस्ती दोन ओळींत लिहून ठेवता येते. नवे पुस्तक खरोखर लागते ते अर्थव्यवस्थेतल्या आकड्यांसाठी, आणि त्यालाही राज्य सरकारची त्या वर्षीची आर्थिक पाहणी पुष्कळदा पुरते. चालू घडामोडींना एकच मासिक धरावे आणि शेवटपर्यंत सोडू नये. दोन मासिकांत तीच बातमी दोनदा वाचताना अभ्यास दुप्पट झाल्याचा भास होतो.

एका पुस्तकाचा नियम सगळीकडे लागू पडत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी प्रश्नांसाठी बांधलेले पुस्तक उत्तर ओळखायला शिकवते, दीडशे शब्द लिहायला शिकवत नाही. तिथे एखाद्या मुद्द्यापुरता दुसरा स्रोत घ्यावाच लागतो. तो मुद्द्याचे नाव घेऊन घेतलेला असला म्हणजे झाले. “पंचायत राज वित्तासाठी” म्हणून आणलेली दहा पानांची झेरॉक्स वाचली जाते. “असू दे, कामाला येईल” म्हणून आणलेली चारशे पानांची खाटेखाली जाते.

मटेरियलवाला कधी कधी सुधारतो. बहुधा खोली बदलताना, रिक्षावाला सामान पाहून दोन फेऱ्यांचे भाडे सांगतो तेव्हा. छापील पुस्तके जुनी घेणारे दुकानदार निम्म्याच्या आसपास घेतात, आणि आतली पाने कोरी असल्याने भावही बरा येतो. स्पायरल झेरॉक्सला मात्र गिऱ्हाईक नसते. ती किलोवर जाते, आणि रद्दीवाला तारेचे वजन वेगळे काढतो.